सगळ्यात जास्त पैसे खाणारं कॅम्पेन थांबवा: रीमार्केटिंगचा काही महिन्यांचा अनुभव

नमस्कार. कार्डची मुदत संपल्यामुळे रीमार्केटिंगचं, म्हणजे साइटवर येऊन गेलेल्यांना पुन्हा जाहिरात दाखवणारं, तुमच्या दुकानाचं कॅम्पेन आठवडाभराहून जास्त बंद पडलं होतं, ते तुम्हाला आठवत असेल. जाहिरातीच्या खर्चातला जवळजवळ निम्मा वाटा हे एकटं कॅम्पेन खातं. ते बंद असताना रोजच्या ऑर्डर मात्र नेहमीइतक्याच येत राहिल्या. पॅकिंगवाल्यांपैकी कुणाला फरक जाणवला नाही. म्हणून हा अनुभव सविस्तर लिहितोय.

सुरुवातीचे काही महिने या कॅम्पेनबद्दल माझं मत चांगलं होतं. डॅशबोर्ड खर्चाच्या 6.2 पट विक्री दाखवत होता. परत आलेला माल आणि डिलिव्हरीचा खर्च वजा जाता तुमच्या हातात विक्रीच्या 30 टक्के राहतात, म्हणजे 3.3 पट विक्री झाली की जाहिरातीचा खर्च निघतो. त्या हिशोबाने हे कॅम्पेन भरघोस फायद्यात दिसायचं.

मत बदललं ते अ‍ॅट्रिब्युशनची, म्हणजे कुठली ऑर्डर जाहिरातीमुळे आली असं धरायचं ते ठरवणारी, सेटिंग पाहिल्यावर. क्लिक केल्यापासून 7 दिवसांत खरेदी झाली तर ती ऑर्डर जाहिरातीच्या खात्यात जाते, हे समजू शकतो. पण जाहिरात नुसती स्क्रीनवर येऊन गेली आणि त्या माणसाने 1 दिवसात खरेदी केली, तरी ती ऑर्डर जाहिरातीचीच धरली जाते. आता ही जाहिरात दिसते कुणाला? ज्याने कालच तुमच्या साइटवर वस्तू पाहून कार्टमध्ये टाकली त्याला. तो रात्री विचार करून सकाळी ऑर्डर देणारच होता. मधे फोन चाळताना जाहिरात डोळ्यांसमोरून गेली, एवढ्यावर ती विक्री या कॅम्पेनच्या नावावर चढते. तुमच्या खिशातून खर्च होतो तो अशा गिऱ्हाइकावर, आणि मला सगळ्यात जास्त खटकतं ते हेच.

तरीही नुसत्या संशयावरून कॅम्पेन बंद करा असं मी म्हटलं नसतं. कार्ड अडकल्याचे ते दिवस पुरावा म्हणून कच्चे होते, कारण आधी पाहिलेल्या जाहिरातींचा परिणाम थोडे दिवस रेंगाळू शकतो. म्हणून तुमच्या परवानगीने नीट चाचणी घेतली. डिलिव्हरीच्या भागांचे, आधीची विक्री साधारण सारखी येईल असे दोन गट केले. एका गटात कॅम्पेन चालू ठेवलं, दुसऱ्यात चार आठवडे बंद. बाकी जाहिराती आणि सवलती दोन्हीकडे सारख्याच होत्या.

आधीच्या चार आठवड्यांत पहिल्या गटातून 4,050 आणि दुसऱ्यातून 4,030 ऑर्डर आल्या होत्या. चाचणीच्या काळात चालू गटात 4,120 झाल्या. त्याच प्रमाणात बंद गटात सुमारे 4,100 यायला हव्या होत्या, आल्या 3,980. म्हणजे घट 120 ऑर्डरची. त्याच काळात चालू गटातल्या 1,310 ऑर्डर या कॅम्पेनमुळे आल्या, असं डॅशबोर्ड सांगत होता. तेवढ्याच आकाराच्या दुसऱ्या गटात कॅम्पेन बंद केल्यावर त्याच्या दहावा हिस्साही कमी झाला नाही. खरा परतावा काढला तर तो 6.2 पटींऐवजी जेमतेम 0.6 पट भरतो.

120 हा आकडा पक्का धरू नका. एवढ्या ऑर्डरमध्ये नुसत्या योगायोगानेही अडीचशेचा फरक इकडेतिकडे पडू शकतो. खरी घट शून्य असेल किंवा 370 पर्यंतही असेल. पण खर्च भरून निघायला एका गटात निदान 700 जादा ऑर्डर लागतात, आणि तिथपर्यंत हा आकडा ओढूनताणूनही पोचत नाही. निर्णयाला एवढं पुरेसं आहे.

असं इतरांकडेही दिसलं आहे. eBay ने 2012 मध्ये स्वतःच्या नावाच्या शोधावरच्या जाहिराती बंद करून पाहिल्या, तेव्हा गेलेल्या क्लिकपैकी 99.5 टक्के क्लिक फुकटच्या शोधनिकालांतून परत मिळाल्या. तो जाहिरातीचा प्रकार वेगळा आणि नाव जगभर माहीत असलेलं, त्यामुळे तो आकडा तुमच्या दुकानाला लावू नका. पण जो गिऱ्हाईक येणारच आहे त्याच्यासाठी पैसे मोजायचे, हा प्रकार तोच.

माझी शिफारस अशी: कॅम्पेन सगळीकडे सहा आठवडे थांबवा, पण डिलीट करू नका, प्रेक्षकांच्या याद्या तशाच राहू द्या. वाचलेले पैसे लगेच दुसऱ्या जाहिरातीत घालू नका, नाहीतर कशामुळे काय झालं ते कळणारच नाही. या काळात डॅशबोर्डवरचा परतावा पाहायचा नाही. दुकानाच्या स्वतःच्या नोंदीतल्या एकूण ऑर्डर आणि त्यातले नवे गिऱ्हाईक, एवढंच दर सोमवारी पाहू. सलग दोन आठवडे एकूण ऑर्डर अपेक्षेपेक्षा 10 टक्क्यांनी कमी राहिल्या, तर मी स्वतः ते परत चालू करायला सांगेन. एवढ्या खंडानंतर चालू केलं की जाहिरात कुणाला दाखवायची हे कॅम्पेनला पुन्हा शिकायला वेळ लागतो आणि पहिला आठवडा महाग पडतो, तेवढं धरून चाला. सेल लागणार असेल तर तारीख आधी कळवा, कारण सेलच्या आठवड्यातल्या आकड्यांवरून काहीच ठरवता येणार नाही. तुमचा होकार आला की येत्या सोमवारपासून बंद करतो.