बोटीवरून आला की पुन्हा जुळतं: नुसतं परतणं आणि ठरवून परतणं

तुटलेलं पुन्हा जोडू का, हे माझ्या मावसबहिणीने मला चार वर्षांत तीनदा विचारलं. ती फोंड्याला एका लॅबमध्ये कामाला, तो क्रूझच्या किचनमध्ये. सात-आठ महिने बोटीवर, मग दोनेक महिने घरी. भांडण दरवेळी एकच: लग्नानंतरही बोटच का? तो म्हणायचा, "बघू." बोटीवर चढला की महिन्याभरात फोनवर तुटायचं, उतरला की जुळायचं.

गेल्या चवथीला त्याच्या आईने तिला गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची माटोळी बांधायला बोलावलं. तो स्टुलावर उभा, ही खालून आंबाडे नि सुपारीचे घड देत होती. शेवटचा घड देताना त्याने हात धरला. रात्री फोन आला, "ताई, परत जुळलं."

"बोटीचं काय ठरलं?"

"तो विषयच निघाला नाही गे."

हे नुसतं परतणं. यात कुणी कुणाला फसवत नाही. विरहाचा त्रास खरा असतो, आणि भेटल्यावर तो लगेच थांबतो. गफलत इथेच होते: त्रास थांबला म्हणजे प्रश्न सुटला असं वाटतं. शिवाय तो घरी असतो तेव्हा भांडणाचं कारणच समोर नसतं. म्हणून ते दोन महिने छान जातात आणि पुढचं कॉन्ट्रॅक्ट आलं की जुनंच वाक्य जुन्याच जागी उभं राहतं.

ठरवून परतणं याहून अवघड, कारण गोडीत असताना नकोसा विषय काढावा लागतो. किती कॉन्ट्रॅक्ट, कशासाठी, घराचं कर्ज फिटल्यावर किनाऱ्यावर कुठलं काम, आणि तारीख टळली तर काय, हे जुळण्याआधीच बोलायचं. "आता मी बदलेन" हे उत्तर धरू नका. महिन्याभरात त्याने काय केलं, ते पाहा. बोलणं दरवेळी पुढे ढकललं जात असेल, तर तुम्ही नुसते परतला आहात.

मतभेद संपूर्ण मिटायलाच हवेत असं मात्र नाही. जोडप्यांचा अभ्यास करणारे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांच्या अभ्यासात जोडप्यांचे सुमारे ६९ टक्के वाद कायमचेच निघाले. टिकणारी जोडपी त्यांच्यासोबत जगण्याची रीत बसवतात. पण बोट की किनारा यात रीत बसवायलासुद्धा दोघांना एकदा समोरासमोर बसावंच लागतं. एकाला लग्न हवं, दुसऱ्याला नकोच, तर बसवायला काहीच नाही. तिथे मी तुटलेलंच राहू द्या म्हणेन. आणि मारहाण, धमक्या किंवा पाळत असेल, तर ही तुलना लागूच होत नाही. तिथून सुरक्षितपणे बाहेर पडायचं.

चवथीनंतर तो निघायच्या आठवडाभर आधी तिने विचारलंच. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आणखी दोन कॉन्ट्रॅक्ट." तिने त्याच्या आईसमोर ते पुन्हा म्हणायला लावलं. पहिलं मार्चमध्ये संपतं.