मे महिन्यातला पेग: ट्रेचा बर्फ, लादीचा बर्फ की काचेसारखा मोठा ठोकळा?

पांढरकवड्याजवळ मामेभावाचं शेत आहे. आंब्याच्या दिवसांत तिथं पाचसहा जण जमतो. या वर्षी त्यानं फोन करून विचारलं, "भाऊ, ते इंटरनेटवर दाखवतात तसा काचेसारखा बर्फ कराचा का? का फुकटची मगजमारी हाय?" दोन उन्हाळे मी ती मगजमारी केलेली आहे, म्हणून त्याला जे सांगितलं तेच इथं लिहितो. दारूबंदीवाल्या वर्धा आणि गडचिरोलीच्या वाचकांनी हे सगळं पन्ह्यावर करून पाहावं.

आधी एक गैरसमज काढू. पारदर्शक बर्फ कमी वितळतो असं लोक ठोकून सांगतात. एक ग्रॅम बर्फ वितळायला साधारण ८० कॅलरी उष्णता लागते, मग तो बर्फ पांढरा असो की आरपार दिसणारा. पांढरेपणा म्हणजे आत अडकलेले हवेचे बुडबुडे आणि बारीक भेगा. फरक पडतो तो आकारामुळे. पाच सेंटिमीटरचा एक ठोकळा आणि अडीच सेंटिमीटरचे आठ खडे यांत बर्फ सारखाच, पण आठ खड्यांचा पृष्ठभाग दुप्पट. दारूला बर्फ जितका जास्त भिडेल तितकी ती लवकर थंड होते आणि तितकंच पाणीही लवकर सुटतं. पाणी न सुटता गारवा जवळपास मिळतच नाही.

आता आपल्याकडचा हिशेब मांडू. दुपारी खोलीत ३८ अंश आहेत. कपाटातली बाटली ३८ ला, जाड बुडाचा पाव किलोचा काचेचा ग्लासही ३८ ला. ६० मिली व्हिस्की पाच अंशांवर आणायला साधारण १,८५० कॅलरी काढाव्या लागतात. आणि ग्लास? तोही पाच अंशांवर आणायचा तर जवळजवळ १,६५०. म्हणजे आपण बर्फ घालतो दारूसाठी, आणि त्यातला निम्म्याच्या आसपास ग्लासच खाऊन टाकतो. बादलीत ठेवलेला, पाझरायला लागलेला ट्रेचा बर्फ टाकला तर सुमारे ४० मिली पाणी सुटतं. बाटलीवर ४२.८ टक्के लिहिलेली व्हिस्की २६ टक्क्यांच्या आसपास येते. चार खडे टाकले असतील तर त्यातले दोन तिथंच संपले, उरलेले दोन गप्पांत.

त्याच तापलेल्या ग्लासात फ्रीझरमधून काढलेला ११५ ग्रॅमचा मोठा ठोकळा टाकला तर काय होतं? तो उणे १५ अंशांवर असतो, त्यामुळे थोडी उष्णता न वितळताच पितो. तरी ३० मिलीच्या आसपास पाणी सुटतंच, फक्त सावकाश. सगळा खटाटोप करून फरक १० मिलीचा. मामेभावाला मी हेच आधी सांगितलं: बर्फाचं नंतर पाहू, तू बाटली आणि ग्लास दुपारपासूनच फ्रीजमध्ये ठेव. दोन्ही आठ अंशांवर आले की काढायची उष्णता इतकी थोडी उरते की ठोकळ्याचा स्वतःचा गारवाच तिला पुरतो. मग सुरुवातीला पाणी नावालाच सुटतं आणि पेग चाळिशीच्या वरच राहतो. पहिला घोट घशाला जाळतो, म्हणून अशा वेळी मी दोन चमचे थंड पाणी मुद्दाम घालतो. किती पाणी हवं ते माझ्या हातात राहतं, उन्हाच्या नाही.

मग ठोकळा कुणासाठी? जो नुसत्या बर्फावर अर्धा तास एक पेग घेऊन बसतो, त्याच्यासाठी. पहिला आणि शेवटचा घोट यांत फार अंतर पडत नाही. सोडा किंवा पाणी ओतून पिणाऱ्यांना ट्रेचाच बर्फ बरा. ते पाणी घालणारच आहेत, आणि त्यांना गारवा लगेच हवा असतो. आमच्या टोळक्यात असे चार आहेत आणि नुसत्या बर्फवाले दोन. म्हणजे ठोकळे दोघांपुरते, फार तर सहा.

लादीचा बर्फ मात्र मी ग्लासात घालत नाही. बाजारातली लादी दिसायला छान असते, मधली पांढरी शीर सोडली तर आरपार. कारण कारखान्यात गोठवताना पाण्यात हवा सोडून ते हलतं ठेवतात. पण पाणी कुठलं, गोणपाट कुठलं, टेम्पोत आधी काय होतं, हे विचारायची सोय नसते. बाटल्या गाडायला टपात लादी, ग्लासात घरचा बर्फ, एवढी वाटणी पक्की ठेवावी. निळसर लादी दिसली तर ती खाण्याची नाहीच. तो रंग त्यासाठीच घालतात.

ठोकळा करायची रीत कॅम्पर इंग्लिश या अमेरिकी लेखकानं २००९ मध्ये लोकांपुढे आणली: पाणी एकाच बाजूनं गोठू द्यायचं. ट्रेमध्ये गारवा चहूबाजूंनी शिरतो आणि हवा मध्ये कोंडली जाते. बाजू आणि बूड झाकलेलं असेल तर बर्फ वरून खाली धरत जातो आणि बुडबुडे पुढे ढकलत बुडाशी नेतो. त्यानं छोटी पिकनिकची पेटी वापरली, मी पोळ्यांचा जुना कॅसरोल वापरला. झाकण काढून ठेवायचं, हे महत्त्वाचं. आतून स्टील असेल तर कडेला थोडी धुरकट पट्टी येते. प्लास्टिकचा असेल तर चांगलं. साधारण वीस-बावीस तासांनी कॅसरोल जरा कलता करून पाहायचा. खाली पाणी डुचमळलं पाहिजे. तळाचा चौथा हिस्सा गोठायच्या आत काढायचं, कारण सगळा पांढरेपणा तिथंच जमतो, आणि पूर्ण गोठू दिलं तर फुगून तडाही जातो.

मी पहिल्यांदा बोअरचं पाणी दोनदा उकळून घेतलं. उकळल्यानं हवा जाते म्हणतात. ट्रेमध्ये तो बर्फ जेमतेम उजळला, आणि ग्लासाच्या बुडाशी चुन्यासारखी पांढरी कणी बसली. आपल्या भागातलं जड पाणी उकळलं की क्षार असेच बाहेर पडतात. तेव्हापासून आरओचं पाणी, न उकळता. दुसऱ्या वेळी रात्री चार तास लाईट गेली. सकाळी ठोकळ्यात मधोमध दुधी रेघ, खडकातल्या थरासारखी. चवीला काही फरक नाही. लाईट किती वाजता गेली तेवढं त्यावर वाचता येत होतं.

फ्रीझरमधून काढल्या काढल्या चाकू लावू नये, कोमट दारूही ओतू नये. ठोकळा कडकन तडकतो. वरचं पांढरं दव जाऊन तो चकचकीत दिसेपर्यंत थांबावं. नागपूरच्या थंडीत पाव तास लागेल, आपल्या मे महिन्यात चारपाच मिनिटं. मग पावाच्या दातेरी सुरीनं वर खाच पाडायची, सुरी खाचेत धरून लाटण्यानं हलकेच ठोकायचं. सरळ फुटतो. तुकडे लगेच घट्ट पिशवीत बांधून परत फ्रीझरमध्ये. आमच्या ट्रेचा बर्फ एकदा सावजी मटणाच्या डब्याशेजारी दोन दिवस उघडा होता. त्या दिवशीच्या रमला लवंगेचा वास होता, आणि काकांनी ब्रँड कोणता म्हणून विचारलं.

मामेभावाच्या फ्रीजचा बर्फाचा खण लहान आहे, कॅसरोल मावत नाही. म्हणून ठरलं असं: ठोकळे मी यवतमाळहून करून थर्मोकोलच्या पेटीत आणायचे, त्यानं ट्रे भरून ठेवायचे आणि सहा ग्लास दुपारपासून खालच्या कप्प्यात लावायचे. "ग्लासायले जागा कराले भाजी बाहेर काढा लागन," तो म्हणाला. म्हटलं, काढ.