चादरीवरची क्लिप पुसताना: इनपेंटिंगचे सात महिने

सोलापुरात चादरी-टॉवेलांचे फोटो काढून देणं हा माझा धंदा. पूर्व भागातले छोटे कारखानदार आता ऑनलाइनही माल विकतात. त्यांना पांढऱ्या भिंतीसमोर सरळ टांगलेली चादर हवी असते, आजूबाजूला दुसरं काही नको. पण चादर टांगायची म्हणजे क्लिपा आल्या, क्लिपांची सावली आली, कधी लाइट स्टँडचा पायही आला. पूर्वी हे सगळं हातानं पुसायचो. दिवाळीच्या गर्दीत ते जमेना, म्हणून दुकानातल्या कॉम्प्युटरवर इनपेंटिंग बसवलं, म्हणजे फोटोतला झाकलेला भाग एआय मॉडेलकडून नव्यानं भरून घ्यायची सोय. ग्राफिक्स कार्ड ८ जीबीचं आहे, Stable Diffusion 1.5 चं इनपेंटिंग मॉडेल त्यावर आरामात चालतं. इंटरनेट लागत नाही, महिन्याचं भाडं नाही. नको असलेल्या भागावर ब्रश फिरवून मास्क घालायचा, तिथे काय हवं ते इंग्रजीत लिहायचं आणि बटण दाबायचं. मराठीत लिहून पाहिलं, पण या मॉडेलला ते कळत नाही.

पहिल्याच दिवशी फसलो. क्लिपेवर मास्क घातला आणि लिहिलं `remove the clip`. चार चित्रं आली, चारही चित्रांत क्लिप, आणि आधीपेक्षा चकचकीत! हे मॉडेल हुकूम ऐकणाऱ्या नोकरासारखं नाही. तुम्ही लिहिता ते त्याच्या लेखी त्या जागी दिसणाऱ्या गोष्टीचं वर्णन असतं. त्यामुळे `plain white wall` किंवा `woven cotton blanket` असं, जे दिसायला हवं तेच लिहायचं. जे नको ते खालच्या Negative prompt च्या चौकटीत.

दुसरी गोष्ट सावलीची. क्लिप झाकली आणि तिची सावली बाहेर ठेवली, तर मॉडेल त्या सावलीला मालक शोधून देतं. एकदा क्लिपेच्या जागी लाकडी खुंटी उगवली होती. वडिलांचा सिद्धेश्वर तलावाकाठचा जुना फोटो साफ करतानाही तेच झालं. मागचा माणूस नीट गेला, पण पाण्यातलं त्याचं प्रतिबिंब राहिलं. घरच्यांनी ते माझ्याआधी पाहिलं. आता मी सावली, प्रतिबिंब आणि वस्तूच्या कडेची बोटभर जागा असं सगळं मास्कमध्ये घेतो.

भिंत, आकाश, पाणी यांच्या बाबतीत तक्रार नाही. गड्ड्याच्या जत्रेत काढलेल्या फोटोत नंदीध्वजांच्या मागे विजेच्या तारांचं जाळं होतं, ते दहा मिनिटांत गेलं. खरी परीक्षा होते चादरीच्या नक्षीवर, आणि सात महिन्यांत माझा सगळ्यात जास्त वेळ तिथेच गेला.

क्लिप बसते ती चादरीच्या वरच्या काठावर, म्हणजे नेमकी नक्षी दाट असते तिथे. एका मरून चादरीच्या काठावर आठ पाकळ्यांची फुलं ओळीनं होती, दोन फुलं क्लिपांखाली अर्धी झाकलेली. मी सेटिंग होतं तसंच ठेवून चालवलं. Masked content, म्हणजे झाकलेल्या जागी सुरुवातीला काय धरायचं ते, `original` आणि Denoising strength, म्हणजे ती जागा किती बदलायची त्याचा आकडा, 0.75. या जोडीत मॉडेल झाकलेल्या जागेतले मूळ रंग थोडे धरून ठेवतं, त्यामुळे क्लिपेचा निळा डाग फुलातून डोकावत राहिला. मग `latent noise` घेऊन आकडा 1 केला. आता फूल झकास आलं. रंग जुळला, कापडाचा पोतही बरा दिसला. फोटो पाठवून दिला.

संध्याकाळी अण्णांचा फोन. तिसऱ्या पिढीचे कारखानदार आहेत. म्हणाले, "हे तिसरं फूल कुठनं आणलं बे? आमच्या मागावर असलं फूल येत नाही."

मोजलं तर त्या फुलाला नऊ पाकळ्या होत्या. शिवाय डावी-उजवी बाजू सारखी नव्हती. जकार्ड मागावर तीच नक्षी ठराविक अंतरावर पुन्हा पुन्हा विणली जाते, त्यात एक फूल वेगळं निघायचं कारणच नाही. मॉडेल मात्र काही मोजत नाही, फुलासारखं दिसेल असं काहीतरी भरतं. त्यात ते थेट फोटोवर काम करत नाही. आधी फोटो आकसतो, दर ८ बाय ८ पिक्सेलच्या चौकोनाचे चार आकडे होतात, आणि चित्र त्या आकड्यांवर घडतं. बारीक धाग्यांच्या रेघा तिथेच वितळतात.

एक सेटिंग समजायला मला दोन महिने लागले. माझे फोटो सुमारे ६००० पिक्सेल रुंद असतात. Inpaint area `Whole picture` ठेवलं तर आख्खा फोटो ५१२ वर आकसतो आणि दुरुस्त केलेला तुकडा धुरकट दिसतो. म्हणून `Only masked` हवं. पण तिथे आजूबाजूची जागा मुळात फक्त ३२ पिक्सेल धरलेली असते. एवढ्याशा खिडकीतून मॉडेलला शेजारचं फूल दिसतच नाही, मग ते अंदाज तरी कशावरून करणार? `Only masked padding` मी १५० ते २०० वर नेलं, तेव्हा शेजारचं फूल खिडकीत आलं आणि चुका कमी झाल्या. अजून वाढवलं तर पुन्हा धुरकटपणा येतो, कारण तेवढीच जागा जास्त कापडात वाटली जाते. मधला आकडा दर फोटोला शोधावा लागतो, आणि हा माझा या प्रकारावरचा मोठा राग आहे.

शेवटी अण्णांच्याच बोलण्यातून वाट सापडली. नक्षी सगळीकडे सारखीच असेल, तर नवं फूल काढायचंच कशाला? आता मी त्याच काठावरचं मोकळं फूल कॉपी करून झाकलेल्या जागी ठेवतो, थोडं फिरवून चुणीशी जुळवतो. मग फक्त जोडाच्या रेषेवर बारीक मास्क घालतो आणि Masked content `original` ठेवून आकडा 0.3 च्या आसपास घेतो. एवढ्यात सांधा मुरतो आणि पाकळ्या आठच राहतात. 0.5 च्या पुढे गेलो की पाकळ्या परत हलायला लागतात. नुसती वस्तू घालवायची असेल तर लामा नावाचं दुसरं मॉडेलही ठेवलंय. त्याला काही लिहावं लागत नाही. ते पुन्हा पुन्हा येणारे पट्टे आणि चौकडे Stable Diffusion पेक्षा चांगले जुळवतं, त्यामुळे टॉवेलांच्या पट्ट्यांसाठी मी आधी तेच लावतो. मोठ्या फुलावर तेही पुसट होतं.

फोटो पाठवण्याआधी मी तो दोन प्रकारे तपासतो. आधी आडवा उलटा करून पाहतो. डोळा सरावलेला असतो, उलट्या चित्रात खोट लगेच दिसते. मग १०० टक्क्यांवर दाणा पाहतो. कॅमेऱ्याच्या फोटोत बारीक दाणा असतो आणि दुरुस्त केलेला तुकडा लोण्यासारखा गुळगुळीत असतो. त्यावर थोडा ग्रेन टाकावा लागतो. लेबलवर मास्क कधीच नेत नाही. एकदा नेला होता, आणि कारखान्याच्या नावाच्या जागी देवनागरीसारखी दिसणारी भलतीच अक्षरं आली.

एक काम मी नाकारतो. मध्यंतरी एका गिऱ्हाइकानं विणीतला तुटका धागा फोटोतून घालवायला सांगितला. क्लिप चादरीबरोबर घरी जात नाही, तुटका धागा जातो. तो म्हणाला, दुसरीकडून करून घेतो. घेतलाही असेल.

आणि गेल्या महिन्यापासून चादरीच्या वरच्या काठाला मागून कापडी पट्टी टाचून क्लिपा त्या पट्टीला लावतो. निम्मं इनपेंटिंग तिथेच वाचतं.