तीन सुती तांबं, अर्धा इंची सीपीव्हीसी: एका सेमिस्टरनंतर

आमच्या गटाचा डबल पाइप हीट एक्स्चेंजर सेमिस्टरभर प्रॅक्टिकलला चालतोय. आत एसीवाल्याकडची तीन सुती तांब्याची नळी, बाहेर अर्धा इंची सीपीव्हीसी, मीटरभराचे दोन तुकडे एकापाठोपाठ. शेजारीच सीनियर बॅचचं मॉडेल आहे. तांबं तेच, लांबी तीच, फक्त बाहेरचा पाइप पाऊण इंची. त्यामुळे तुलना आयतीच मिळाली.

दोन्हींत आतून गरम पाणी ६० अंशांचं, बाहेरच्या फटीतून गार २८ च्या आसपास, दोन्हीकडे मिनिटाला २ लिटर. आमचं गरम पाणी ८-९ अंशांनी उतरतं, त्यांचं जेमतेम ४. प्रवाह संथ की खळबळता हे सांगणारा रेनॉल्ड्स आकडा काढलात तर बाहेरच्या बाजूला फार फरक दिसत नाही, त्यांचा १९०० आणि आमचा २४०० च्या आसपास. पण नळीभोवतीची फट त्यांच्याकडे ४ मिमीच्या वर आणि आमच्याकडे दीड मिमी. प्रवाह असा संथ असताना फट कमी झाली की उष्णता घेण्याची क्षमता त्याच प्रमाणात वाढते. बहुतेक अडवणूक बाहेरच्या बाजूलाच असते, आत तर प्रवाह चांगला खळबळता आहे.

हे महत्त्वाचं ठरतं ते थर्मामीटरमुळे. स्वस्तातला डीएस१८बी२० सेन्सर अर्धा अंश इकडेतिकडे दाखवतो. दोन सेन्सरच्या फरकात चूक एक अंशापर्यंत जाऊ शकते. ४ अंशांत ती २५ टक्के, आमच्यात १२ च्या आसपास. म्हणून महागडे सेन्सर घेण्याआधी पाइप बारीक करा. शिवाय चारही सेन्सर रबरबँडने एकत्र बांधून एकाच बीकरमध्ये, आधी गार आणि मग गरम पाण्यात ठेवा, आणि वाचनांतला फरक नोंदवून वजा करा. बसवताना टोक पाइपच्या टी-जोडणीमध्ये प्रवाहातच हवं. पाइपला बाहेरून टेपने चिकटवलेला सेन्सर प्लास्टिकचं तापमान सांगतो.

बारीक फटीची किंमतही आहे. गुंडाळीतली नळी नीट सरळ केली नाही तर ती एका बाजूला टेकते. आम्ही तिच्यावर बारीक तार लांब आट्यांनी गुंडाळून ती मधोमध धरली. टीमधून नळी आरपार काढायला पितळी कॉम्प्रेशन फिटिंगच्या आतली कडा ड्रिलने घालवावी लागते. एवढं एक काम वर्कशॉपमध्ये करून घ्या.

पंपाला फार पैसे घालू नका. गार बाजूला कूलरचा पंप पुरतो, पण डब्यावरचं 'हेड' शून्य प्रवाहाचं असतं, त्यात निम्म्याचाच भरवसा धरा. गरम बाजूला तो नको, गरम पाणी चालेल असं लिहिलेला १२ व्होल्टचाच घ्या. प्रवाह मोजायला लिटरचं मापपात्र आणि स्टॉपवॉच: ३० सेकंदांत भरलं की मिनिटाला २ लिटर. रोटामीटरचे पैसे आम्ही तांब्यात घातले.

गरम पाण्याच्या टाकीतून जवळजवळ १२०० वॉट निघतात, म्हणून १५०० वॉटचा रॉड हवा, १००० चा मागे पडतो. ईएलसीबीशिवाय तो लावू नका, आणि टाकीत हात घालण्याआधी प्लग काढा.