तीन चेक दिले, तिन्ही परत आले आणि एकावरही ‘खात्यात पैसे नाहीत’ असा शेरा नव्हता

तासगाव तालुक्यात माझी एक एकर द्राक्षबाग आहे. 2023 च्या मार्चमध्ये बाहेरून आलेल्या एका व्यापाऱ्याला माल दिला. चार किलोच्या पेटीला 165 रुपये दर ठरला, 2,300 पेट्या गेल्या. 3,79,500 रुपये झाले. त्यातले पन्नास हजार त्यानं रोख दिले आणि उरलेल्या 3,29,500 चा चेक बागेतच, गाडी भरता भरता लिहून दिला. तारीख 20 मार्चची घातली. “काका, तेवढे दहा-बारा दिवस थांबा,” म्हणाला. आमच्याकडं असं चालतं, म्हणून मी चेक घडी करून खिशात ठेवला.

21 तारखेला बँकेत भरला, दोन दिवसांनी परत आला. सोबतच्या मेमोवर अक्षरी आणि अंकी रक्कम जुळत नाही असा शेरा होता. तेव्हा कुठं मी चेक नीट वाचला. अंकात 3,29,500 होतं, पण इंग्रजी अक्षरात ‘थ्री लॅक ट्वेंटी थाउजंड फाइव्ह हंड्रेड’. ‘नाइन’ हा एकच शब्द गाळलेला. मी बँकेत वाद घातला, कारण अक्षरी रक्कम खरी धरतात एवढं ऐकून होतो. अधिकारी म्हणाले, “कायद्यात तसंच आहे, 1881 च्या कायद्याचं कलम 18. पण क्लिअरिंगमध्ये समोरची बँक असा चेक पास करत नाही, परत पाठवते. तुम्ही नवीन चेक घ्या.”

मी व्यापाऱ्याकडं गेलो. तो इतका ओशाळला की मलाच वाईट वाटलं. “मुनीमानं लिहिला हो काका, चूक झाली.” माझ्यासमोर त्यानं दोन शब्दांच्या मध्ये ‘नाइन’ घुसवलं आणि शेजारी झोकात सही केली. खाडाखोड केली की शेजारी सही करायची, हे आपल्या सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलंय. पूर्वी ते चालायचंही. आता चेकचा कागद बँकेतून बँकेत जात नाही, त्याचं स्कॅन केलेलं चित्र जातं. या पद्धतीत रिझर्व्ह बँकेचा नियम असा, की नावात किंवा रकमेत, मग ती अंकी असो वा अक्षरी, दुरुस्ती चालत नाही. सही केलेली असली तरी नाही. गरज पडली तर तारखेपुरती मुभा आहे, बाकी बदलासाठी नवीन पान फाडावं लागतं. मला हे माहीत नव्हतं. रोज चेक लिहिणाऱ्या त्या माणसाला माहीत नसेल, यावर माझा आज विश्वास नाही. महिनाअखेरीला चेक दुसऱ्यांदा परत आला, या वेळी खाडाखोडीचा शेरा घेऊन.

मग तो पंधरा दिवस गावात नव्हता. एप्रिलमध्ये भेटला तेव्हा त्यानं पहिला चेक मागून घेतला आणि मला दुसरा दिला. माझी सगळ्यात महागात पडलेली चूक हीच. परत आलेला चेक आणि मेमो दोन्ही त्याच्या हातात दिले, झेरॉक्ससुद्धा काढली नाही. दुसऱ्या चेकवर रक्कम बरोबर होती, पण नाव माझ्या वडिलांचं. आमचा सातबारा अजून वडिलांच्या नावावर आहे, ते जाऊन तीन वर्षं झाली. “बिल सातबाऱ्यावरून केलं,” म्हणाला. बँकेनं तो चेक खिडकीवरूनच परत दिला. त्या नावाचं खातंच चालू नव्हतं, आणि वरून क्रॉस केलेला असल्यानं पैसे खात्यातच जमा व्हायला हवेत.

तिसरा चेक एप्रिलअखेरीला मिळाला, दुसरा परत घेऊनच. या वेळी मी शहाणा झालो होतो. पासबुक शेजारी ठेवून नावातलं अक्षर न् अक्षर ताडून पाहिलं, अंकी आणि अक्षरी रक्कम मोठ्यानं वाचली, ‘नाइन’वर बोट ठेवलं. तो शांतपणे बघत होता. “काका, बेदाणा विकला की फोन करतो, तोवर भरू नका,” एवढंच म्हणाला. फोन जूनच्या पहिल्या आठवड्यात आला. चेक भरला, आणि मुदत संपली म्हणून परत आला. त्यावर तारीख होती 18-02-2023. माल जायच्याही आधीची! 1 एप्रिल 2012 पासून चेक लिहिलेल्या तारखेपासून तीनच महिने चालतो, त्याआधी सहा महिने चालायचा. माझ्या हातात आला तेव्हाच तो दोन महिने जुना होता आणि मे महिन्यात मेला होता. महिना 04 च्या जागी 02, एवढाच फरक. नाव आणि रक्कम तपासण्याच्या भरात माझी नजर वरच्या उजव्या कोपऱ्याकडं गेलीच नाही.

व्यापाऱ्याच्या भाड्याच्या गाळ्याला जूनच्या मध्यावर कुलूप लागलं.

वकिलांकडं गेल्यावर या सगळ्याचा अर्थ कळला. चेक बाउन्स झाला की कलम 138 खाली फौजदारी तक्रार करता येते, हे आपण ऐकलेलं असतं. पण ते कलम खात्यात पुरेसे पैसे नसल्यामुळं परत आलेल्या चेकसाठी आहे. खातं बंद करणं, पेमेंट थांबवणं अशा गोष्टीही कोर्टांनी त्यात धरल्या आहेत. पण चेक त्याच्या मुदतीत बँकेत भरलेला असावा लागतो, आणि मेमो मिळाल्यापासून तीस दिवसांत लेखी नोटीस जावी लागते. माझ्याकडं उरला होता एक मुदतबाह्य चेक. त्याच्या खात्यात पैसे होते की नव्हते, हा प्रश्न बँकेपुढं कधी आलाच नाही. प्रत्येक चेक त्याआधीच्याच पायरीवर अडेल असा लिहिलेला होता. आता वजनाच्या पावत्यांवर दिवाणी दावा चालू आहे. तो तीन वर्षांच्या आत लावावा लागतो, म्हणून उशीर केला नाही. पोलिसांत फसवणुकीची तक्रारही दिली आहे. चेक परत देताना मोबाइलवर दोन फोटो काढले असते, तर तिन्ही चेक एकाच माणसानं असे दिले हे दाखवता आलं असतं, आणि तेच वकिलांना हवं होतं.

या हंगामात नवीन व्यापारी आला, भला माणूस वाटला. तरी गाडी हलायच्या आधी मी चेक शेडच्या बाहेर उन्हात नेला. आधी तारीख, त्यातही महिना आणि साल. मग पासबुकावरच्या स्पेलिंगप्रमाणं नाव. मग अक्षरी रक्कम आधी वाचली आणि अंकी नंतर, कारण अंक आधी पाहिला की डोळा अक्षरात तोच आकडा वाचतो. मग चेक तिरका धरला. चेकच्या कागदावर फिकट बारीक नक्षी असते. खोडलेल्या किंवा पुसलेल्या जागी ती विरळ दिसते, शाईचा रंगही वेगळा पडतो.

रकमेत त्यानं पाचाचा सहा केलेला होता, शेजारी सही होती. हिशेब सहाप्रमाणंच बरोबर होता. मी म्हणालो, “दादा, हे पान रद्द करा, दुसरं लिहा.” त्याचा चेहरा पडला. “विश्वास नाही का काका?” मी म्हणालो, “आहे, पण बँक हे पान घेणार नाही.” ड्रायव्हरनं गाडी चालू केली होती, ती बंद करायला लावली. दहा मिनिटं गेली. नवीन पान हातात आल्यावर मी पुढून-मागून फोटो काढला आणि मगच गाडीला वाट दिली.