मदर बार तुटला की पैसे? २४ हजारांच्या क्लासमधले चार्ट आणि प्रत्यक्षातले भाव

ट्रेडिंग शिकवणारे क्लास आता तालुक्याच्या गावापर्यंत पोचलेत. त्यात इनसाइड बार आणि एनआर७ हे चार्टवरचे नमुने शिकवणाऱ्यांची सध्या चलती आहे, कारण नियम दोन वाक्यांत सांगता येतो आणि चार्टवर फार देखणा दिसतो. सांगलीतल्या अशाच एका क्लासला मी आणि माझ्या दिराने प्रत्येकी २४ हजार रुपये भरले. फी गेलीच, त्यानंतर ट्रेडिंगमध्ये गेले ते वेगळे. तक्रार चालू असल्यामुळे क्लासचं नाव इथे लिहीत नाही. पण फसवणूक नेमकी कुठे होते ते आकड्यांसकट सांगते. तीच युक्ती दुसऱ्या नावाने तुमच्यासमोर येऊ शकते.

आधी सेटअप काय ते बघू. एखाद्या दिवसाची कँडल, म्हणजे त्या दिवसाचे भाव दाखवणारी चार्टवरची पट्टी, मोठी असते, आणि दुसऱ्या दिवशीचा हाय आणि लो, म्हणजे सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा भाव, दोन्ही तिच्या आतच राहतात. ही दुसरी कँडल म्हणजे इनसाइड बार, आणि आधीची मोठी ती मदर बार. त्या छोट्या दिवसाची रेंज, म्हणजे हाय वजा लो, गेल्या सात दिवसांतली सगळ्यात कमी असेल तर त्याला एनआर७ म्हणतात. टोबी क्रेबेल या अमेरिकन ट्रेडरने १९९०च्या सुमारास हे नमुने मांडले. त्यामागची कल्पना खोटी नाही: बाजार आक्रसला की पुढे कधीतरी मोठी हालचाल होते. मात्र ती वर होईल की खाली, हे ही कँडल सांगत नाही. म्हणून मदर बारच्या हायच्या वर खरेदी आणि लोच्या खाली विक्री अशा दोन्ही ऑर्डर लावायला शिकवतात. आमच्या क्लासमधले सर म्हणायचे, "दिशा आपण ठरवायची नाही, बाजार ठरवेल." ऐकायला ते पटतं.

फुकटच्या वर्कशॉपमध्ये त्यांनी दावा केला की हा सेटअप १०० पैकी ८४ वेळा चालतो. पुरावा म्हणून एकामागून एक स्लाइड दाखवल्या. प्रत्येक स्लाइडवर डेली चार्ट, मदर बारभोवती पिवळा चौकोन आणि पुढच्या मोठ्या कँडलवर हिरवा किंवा लाल बाण. मी एका पतसंस्थेत हिशेबाचं काम करते, त्यामुळे आकडा दिसला की त्याची मागची बाजू बघायची सवय आहे. सलग काही ट्रेड उलटे गेल्यावर मी त्याच स्लाइडमधले शेअर घेतले, त्याच तारखांचे १५ मिनिटांचे चार्ट उघडले आणि नियम शब्दशः लावून बघितला.

त्यातली एक स्लाइड पूर्णच सांगते, कारण सगळी मेख तिच्यात आहे. एका मिडकॅप शेअरची मदर बार होती हाय ८४२, लो ८१८. दुसऱ्या दिवशी हाय ८३६, लो ८२४, म्हणजे रेंज फक्त १२ रुपये आणि एनआर७सुद्धा. तिसऱ्या दिवशीच्या मोठ्या लाल कँडलवर बाण आणि बाजूला लिहिलेलं: "८१८ तुटला, ७८६ गाठला." एका शेअरमागे ३० रुपयांच्या वर नफा. वर्गात सगळ्यांनी फोटो काढून घेतले.

आता तो तिसरा दिवस १५ मिनिटांच्या चार्टवर बघा. शेअर ८३१ला उघडला आणि पहिल्या तासातच ८४४पर्यंत गेला. म्हणजे क्लासच्याच नियमाप्रमाणे ८४२.५०ला खरेदीची ऑर्डर लागली. स्टॉपलॉस, म्हणजे तोटा थांबवायची ऑर्डर, इनसाइड बारच्या लोखाली, ८२३.५०ला. दुपारच्या आत शेअर उलटला आणि स्टॉपलॉस उडाला. शेअरमागे १९ रुपये तोटा. डेली चार्टवर याची खूण म्हणजे फक्त वरची बारीक वात, आणि ती पिवळ्या चौकोनाच्या रेषेत लपून गेली होती. दिवसाच्या कँडलमध्ये हाय आधी झाला की लो आधी, हे कळतच नाही. त्यामुळे आधी खोटा ब्रेक झाला आणि मग खरा, ही गोष्ट डेली चार्टवर बघणाऱ्याला कधीच दिसणार नाही.

पुढे दीडच्या सुमारास ८१८ तुटला आणि ८१७.५०ला विक्री झाली. आपल्याकडे कॅश मार्केटमध्ये शॉर्ट, म्हणजे आधी विकून मग घ्यायचा सौदा, घरी नेता येत नाही. त्याच दिवशी सौदा बंद करावा लागतो, नाहीतर साधारण सव्वातीनच्या सुमारास ब्रोकर स्वतःच तो स्क्वेअर ऑफ करतो. त्या वेळी भाव होता ८१४. म्हणजे मिळाले साडेतीन रुपये. मग ७८६ कुठून आला? तो चौथ्या दिवशीचा लो. चौथ्या दिवशी शेअर गॅप देऊन ७९९लाच उघडला होता. ज्यांनी आदल्या दिवशी फ्युचर विकून ठेवलं होतं, त्यांनाच ती घसरण मिळाली असती, आणि फ्युचरला लागणारं मार्जिन वर्गातल्या कुणाच्याच खात्यात नव्हतं. सरांनी आम्हाला शिकवलं होतं ते इंट्राडे.

हिशेब असा: १९ गेले, साडेतीन आले. शेअरमागे साडेपंधरा रुपये तोटा, १०० शेअरवर १,५५० रुपये. आणि हाच ट्रेड त्यांच्या ८४ मध्ये "यशस्वी" म्हणून धरलेला.

हे मी वर्गात विचारलं. "सर, त्या दिवशी आधी वरची ऑर्डर लागते ना?" ते म्हणाले, "मॅडम, असे फॉल्स ब्रेक अनुभवाने गाळता येतात. तुम्ही ॲडव्हान्स बॅच करा." ॲडव्हान्स बॅचची फी ४५ हजार. तोच प्रश्न मी क्लासच्या ग्रुपवर टाकला, तर तो काही मिनिटांत काढून टाकला, हे मला तेव्हाच खटकलं.

दुसरी लबाडी मदर बार निवडण्यात आहे, आणि ती पकडायला जास्त अवघड. समजा पहिल्या दिवशी हाय ९१० आणि लो ८७०, दुसऱ्या दिवशी ९०२ आणि ८७८, तिसऱ्या दिवशी ८९६ आणि ८८४. तिन्ही कँडल एकात एक बसलेल्या. मग मदर बार कुठली, पहिली की दुसरी? क्लासच्या वहीत याचं उत्तर नव्हतं, आणि ते मुद्दाम नव्हतं असं मी आता ठामपणे म्हणते. चौथ्या दिवशी शेअर ९०५पर्यंत जाऊन कोसळला, तर मदर बार पहिली, ९१० तुटलाच नाही, म्हणून "नो ट्रेड". आणि अशाच रचनेत शेअर ९०२च्या वर जाऊन चांगला चालला, तर मदर बार दुसरी, ट्रेड यशस्वी. निकाल लागल्यावर चौकोन कुठे काढायचा ते ठरवलं तर कुठलाही सेटअप ८४ टक्के चालेल. त्या स्लाइडना एकच नियम लावून मी पुन्हा मोजणी केली, तेव्हा नफ्याचे ट्रेड निम्म्यापेक्षाही बरेच कमी निघाले.

मग हा माणूस कमावतो कशावर? फीवर तर आहेच. पण क्लासला बसायची अट होती की डिमॅट खातं त्यांच्याच लिंकवरून उघडायचं. "आपले चार्ट त्याच ॲपवर नीट चालतात" असं कारण दिलं होतं. माझं खातं कोणत्या ऑथराइज्ड पर्सनच्या, म्हणजे ब्रोकरसाठी ग्राहक आणणाऱ्या एजंटच्या, कोडखाली आहे, हे मी ब्रोकरला ईमेलवर विचारलं. उत्तर आलं, आणि तो कोड सरांच्या बायकोच्या नावावर होता. ऑथराइज्ड पर्सनला ग्राहकाच्या ब्रोकरेजमधला वाटा मिळतो. आमच्या खात्यांना इंट्राडेचे ५ पैसे लावले होते, म्हणजे १०० रुपयांच्या उलाढालीला ५ पैसे. वरच्याच उदाहरणात खरेदी, स्टॉपलॉस, विक्री आणि परत खरेदी अशा चार ऑर्डर होतात. १०० शेअरवर त्यांची उलाढाल सव्वातीन लाखांच्या वर जाते आणि ब्रोकरेज साधारण १६५ रुपये होतं. कर वेगळे. ट्रेड सरळ गेला तर दोनच ऑर्डर होतात. दोन्ही बाजूंनी फसला तर चार. म्हणजे सेटअप जितका फसेल तितका वाटा मोठा, आणि मदर बारच्या दोन्ही टोकांना ऑर्डर लावायचा आग्रह का होता तेही त्यातून समजतं.

माझा दीर तर रोज सात-आठ शेअरमध्ये असे दुहेरी ऑर्डर लावून ठेवायचा, कारण सकाळी नऊच्या आत ग्रुपवर शेअरच्या नावासकट "वर ८४२.५०, खाली ८१७.५०" अशी यादी यायची. खाली बारीक अक्षरात "फक्त शिक्षणासाठी". हे शिक्षण नाही, हा सल्ला आहे. सेबीने जानेवारी २०२५च्या परिपत्रकात स्पष्ट केलंय की नुसतं शिक्षण देणाऱ्याने गेल्या तीन महिन्यांतले भाव वापरून शेअरचं नाव घेऊन बोलायचं नाही. आजचे लेव्हल देणाऱ्याकडे रिसर्च ॲनालिस्टची नोंदणी लागते, तिचा नंबर INH ने सुरू होतो. गुंतवणूक सल्लागाराचा INA ने. सेबीच्या वेबसाइटवर नंबर टाकून नाव जुळतं का ते बघता येतं. सरांच्या जाहिरातीवर एक INH नंबर छापलेला होता. तो खरा होता, पण भलत्याच माणसाचा.

असा क्लास लावायच्या विचारात असाल तर स्लाइड बघू नका, कॉन्ट्रॅक्ट नोट, म्हणजे ब्रोकरकडून येणारा दिवसाच्या सौद्यांचा हिशेब, मागा, आणि तारखा तुम्ही ठरवा. नफ्याचा स्क्रीनशॉट कुणीही बनवतो. ठरावीक महिन्यातल्या सगळ्या दिवसांच्या नोटा दाखवायला कुणी तयार होत नाही, कारण त्यात स्टॉपलॉस उडालेले ट्रेडही दिसतात. त्यांच्या वहीतलं कुठलंही एक उदाहरण घ्या, १५ मिनिटांच्या चार्टवर लावा आणि आधी कुठली बाजू तुटली ते बघा. आणि एकात एक कँडल असतील तर मदर बार कुठली धरायची, हे फी भरायच्या आधी लेखी घ्या.

पैसे आधीच गेले असतील तर ग्रुप सोडायच्या आधी सगळे मेसेज तारखेसकट एक्सपोर्ट करून ठेवा. आम्हाला बाहेर काढल्यावर जुने मेसेज दिसेनासे झाले. माझ्याकडे होते ते फक्त दिराने मला पाठवलेल्या स्क्रीनशॉटमुळे. फी भरल्याचे यूपीआयचे पुरावे आणि कॉन्ट्रॅक्ट नोटा जोडून आम्ही १९३० वर आणि cybercrime.gov.in वर तक्रार केली. ब्रोकरविरुद्धची तक्रार सेबीच्या स्कोअर्स या तक्रार पोर्टलवर वेगळी टाकली, कारण तिथे सेबीकडे नोंद असलेल्यांविरुद्धच दाद मिळते, आणि ऑथराइज्ड पर्सनच्या वागण्याची जबाबदारी ब्रोकरवर येते. फी परत मिळालेली नाही. ब्रोकरने मात्र आमची दोन्ही खाती त्या कोडखालून काढली आहेत, आणि त्या ऑथराइज्ड पर्सनकडून लेखी खुलासा मागवल्याचं कळवलं आहे. त्याच बॅचमधल्या कुणाकडे ग्रुपवरचे जुने लेव्हल शिल्लक असतील, तर आपल्या तक्रारीला ते जरूर जोडा.