युब्लॉक ओरिजिन, काही महिन्यांच्या वापरानंतर: पैसे भरण्याचं बटण अडवणारा नियम कसा सापडतो

फायरफॉक्सवर युब्लॉक ओरिजिन गेले काही महिने रोज चालू आहे. जाहिराती किती अडतात हे बहुतेकांना ठाऊक असतं, म्हणून त्यावर शब्द खर्च करत नाही. या एक्स्टेंशनची खरी किंमत ते एखादं पान मोडतं तेव्हा कळते, आणि ऑनलाइन दुकानात पान मोडतं ते बहुधा शेवटच्याच पायरीवर. चवथीच्या आधी विजेच्या माळा मागवायच्या आहेत, पत्त्यात फोंड्याचा 403401 हा पिन घातला, दुकानाने "पोचवतो" म्हटलं, आणि पैसे भरायचं बटण दाबल्यावर चक्र फिरतच राहिलं. गोव्यात ऐन पावसात असं झालं की दोष नेटला दिला जातो. तो दोष खरा आहे का, हे आधी ठरवावं.

नेट मंद असेल तर बटण दाबल्यावर पानाची विनंती निघते आणि लटकते. युब्लॉकच्या अडवण्याच्या नियमामुळे अडलं असेल तर अनेकदा विनंती निघतच नाही. F12 दाबून नेटवर्कचा भाग उघडा आणि बटण दाबा. एकही नवी ओळ उमटली नाही, तर बिघाड पानाच्या स्क्रिप्टमध्ये आहे. मग युब्लॉकच्या पॅनेलमधलं मोठं पॉवरचं बटण बंद करा, पान पुन्हा लोड करा आणि पाहा. आता चाललं, तर कारण युब्लॉकचा एखादा नियम. तरीही अडलं, तर फायरफॉक्सची स्वतःची ढाल किंवा मोबाइलवर लावलेलं जाहिरात अडवणारं डीएनएस तपासा. डीएनएसने अडवलेलं युब्लॉकच्या नोंदीत अडवलेलं म्हणून दिसत नाही, त्यामुळे तिथे शोधण्यात वेळ जातो.

पॉवरचं बटण बंद ठेवूनच खरेदी उरकण्याचा मोह होतो. पण युब्लॉक ते त्या संपूर्ण साइटसाठी लक्षात ठेवतो. म्हणजे ज्या पानावर कार्डाचा नंबर टाइप करायचा, तिथेच सगळे ट्रॅकर मोकळे होतात आणि पुढच्या भेटीतही मोकळेच राहतात. चाचणी झाली की ते परत चालू करावं आणि नेमका नियम शोधावा.

त्याआधी सेटिंगमध्ये `Filter lists` या टॅबवर जाऊन नियमांच्या याद्या ताज्या करून घ्याव्यात. मोडलेल्या साइटी दुरुस्त करणारे नियम यादीत सतत येत असतात, आणि पुष्कळदा एवढ्यानेच काम होतं.

नाही झालं, तर लॉगर, म्हणजे पानाच्या विनंत्यांची युब्लॉकने ठेवलेली नोंद. पॅनेलमधल्या यादीसारख्या चिन्हावरून तो उघडतो. तो आधी उघडावा आणि मग पान पुन्हा लोड करावं, कारण उघडण्यापूर्वीचं त्यात मिळेलच असं नाही. लाल ओळी म्हणजे अडवलेल्या विनंत्या. दुकानाच्या पानावर त्या ढिगाने असतात आणि त्यातल्या बहुतेक निर्दोष असतात. म्हणून एकेक मोकळी करत बसणं ही वाईट पद्धत.

इथे बहुतेकांची वाट चुकते. बटण दाबल्यानंतर लॉगरमध्ये काय उमटलं एवढंच ते पाहतात आणि त्यांना काहीच सापडत नाही. गुन्हा घडलेला असतो पान लोड होताना, त्याचा परिणाम दिसतो बटण दाबल्यावर. ट्रॅकरची स्क्रिप्ट सुरुवातीलाच अडवली जाते. दुकानाचा कोड मात्र ती आली आहे असं धरून चालतो आणि ऑर्डर पाठवण्याआधी "ग्राहकाने बटण दाबलं" हे तिला कळवायला जातो. ती वस्तूच नसल्यामुळे कोड तिथेच कोसळतो आणि ऑर्डरची ओळ चालतच नाही. खूप चालणाऱ्या काही ट्रॅकरांसाठी युब्लॉक अडवलेल्या स्क्रिप्टच्या जागी पोकळ स्क्रिप्ट ठेवतो. गूगल टॅग मॅनेजर हा त्यातला एक. त्यामुळे अशा ठिकाणी पान सहसा कोसळत नाही. कमी माहीत असलेल्या ट्रॅकरांना ही सोय नसते.

म्हणून बटण दाबताना F12 च्याच खिडकीतला, पानाच्या चुका दाखवणारा कन्सोल उघडा ठेवावा. खालची नावं नमुन्याची आहेत, पण चूक साधारण अशीच दिसते:

```
Uncaught ReferenceError: trk is not defined
```

हरवलेल्या वस्तूचं नाव मिळालं: `trk`. लॉगरच्या वरच्या शोधपट्टीत तेच टाइप करा. ढिगातून एक लाल ओळ उरते, `https://cdn.metrics.example/v2/trk.js`. तिच्या नियमाच्या रकान्यावर क्लिक केलं की तपशील उघडतो, आणि नियम कोणत्या यादीतून आला तेही तिथे दिसतं. समजा तो ईझीप्रायव्हसी या ट्रॅकर अडवणाऱ्या यादीतला आहे:

```
||metrics.example^$third-party
```

आता सवलत लिहायची, ती शक्य तेवढी अरुंद. `My filters` मध्ये ही ओळ घाला आणि `Apply changes` दाबा. आपले नियम चालू करण्याची खूण त्या टॅबवर असेल, तर ती केलेली आहे ना तेही पाहा.

```
@@||cdn.metrics.example/v2/trk.js$script,domain=shop.example
```

फक्त ही स्क्रिप्ट, फक्त या दुकानावर. नुसतं `@@||metrics.example^` लिहिलं तर तो ट्रॅकर सगळ्या साइटींवर मोकळा होतो. अरुंद नियमाचा आणखी एक फायदा मला फार मोलाचा वाटतो. स्क्रिप्ट लोड होते, दुकानाच्या कोडला हवी ती वस्तू मिळते आणि बटण चालतं. पण तीच स्क्रिप्ट माहिती पाठवायला `collect.metrics.example` कडे गेली, तर तिथली ओळ लालच राहते.

`domain=` पुढे काय लिहायचं यातही एक खाच आहे. पैसे भरण्याचा चौकोन दुसऱ्या डोमेनवरून आलेल्या आयफ्रेममध्ये असेल, तर पत्त्याच्या पट्टीतलं नाव उपयोगाचं नाही. लॉगरच्या तपशिलात `Context` समोर जे नाव आहे ते वापरावं. पैशांचं पान वेगळ्या खिडकीत उघडत असेल, तर लॉगरच्या वरच्या यादीत एकच टॅब न निवडता सगळे टॅब निवडावेत, नाहीतर तिथल्या ओळी दिसतच नाहीत.

पान पुन्हा लोड केल्यावर ती ओळ हिरवी झाली पाहिजे. खात्रीसाठी आपल्या नियमाआधी `!` घालून तो बंद करा. पान पुन्हा मोडलं तर नियम बरोबर सापडला. ही सगळी तपासणी पैसे भरण्याचं पान उघडेपर्यंतच करावी. पैसे कापले गेले आणि पान परत आलं नाही, तर बँकेचा एसएमएस आणि दुकानातली ऑर्डरची नोंद पाहिल्याशिवाय बटण दुसऱ्यांदा दाबू नये.

कन्सोलमध्ये चूक नसेल आणि एखादी चौकटच पानावर दिसत नसेल, उदाहरणार्थ अटी मान्य करण्याची, तर तो लपवणारा नियम असू शकतो. पॅनेलमधलं डोळ्याचं चिन्ह त्या साइटपुरते असे नियम बंद करतं. कुकीच्या सूचना लपवणाऱ्या जादा याद्या चालू केल्या असतील, तर संशय आधी त्यांच्यावर घ्यावा.

लॉगर हेच हे एक्स्टेंशन ठेवण्याचं माझं मुख्य कारण आहे. क्रोम वापरणाऱ्यांना ते आता मिळत नाही, कारण 2025 मध्ये तिथे जुन्या पद्धतीची एक्स्टेंशनं बंद झाली. युब्लॉक ओरिजिन लाइट जाहिराती चांगल्या अडवतं, पण असा लॉगर त्यात नाही. पान मोडलं की त्या साइटपुरता अडवण्याचा जोर कमी करणं हाच तिथला सोपा उपाय. अँड्रॉइडच्या फायरफॉक्सवर पूर्ण युब्लॉक चालतो, मात्र लॉगरच्या लांब ओळी लहान पडद्यावर वाचणं कष्टाचं आहे. नियम संगणकावर शोधावा आणि तयार ओळ फोनच्या `My filters` मध्ये चिकटवावी.

सापडलेला नियम स्वतःपुरता ठेवू नये. पॅनेलमधल्या तक्रारीच्या चिन्हावरून साइटचा पत्ता, अडणारी पायरी आणि लॉगरमधली ती लाल ओळ कळवावी. यादीतच दुरुस्ती झाली की आपली सवलत `My filters` मधून काढून टाकता येते.